शून्य पूर्णांक शून्य चार म्हणजे नेमकं किती?

निर्यातीच्या द्राक्षांचा कंटेनर बंदराकडे निघण्याआधी एक कागद हाती यावा लागतो. बागेतून काढलेल्या नमुन्यात कोणत्या औषधांचे अवशेष सापडले, याचा तो अहवाल असतो. रसायनांच्या नावांची लांबलचक यादी, बहुतेक नावांपुढे ‘आढळलं नाही’ आणि एखाद्या नावापुढे आकडा. समजा, त्या यादीत क्लोरमेक्वाट क्लोराइडपुढे ०.०४ मिलिग्रॅम प्रति किलो असं छापलं आहे आणि शेजारच्या रकान्यात मर्यादा ०.०५ दिली आहे. बागायतदार दोन्ही आकडे बघतो, माल पास झाला म्हणून निश्चिंत होतो. तीन-चार आठवड्यांनी युरोपातल्या खरेदीदाराचा निरोप येतो की तिकडच्या प्रयोगशाळेनं याच मालात ०.०६ दाखवलं आहे. मग इकडची प्रयोगशाळा चुकली की तिकडची, यावर फोनाफोनी सुरू होते.

या दोन अहवालांत भांडण आहे असं वाटतं, पण प्रत्यक्षात ते नसूही शकतं. ते आहे की नाही हे ठरवायला तीन गोष्टी लागतात. ज्या पद्धतीनं मोजलं ती पद्धत या कामाला लायक आहे हे आधी सिद्ध केलं होतं का, आलेल्या आकड्याभोवती शंकेची किती जागा धरायची, आणि त्या प्रयोगशाळेचे आकडे इतर प्रयोगशाळांच्या आकड्यांशी जुळतात का. प्रयोगशाळांच्या भाषेत यांना व्हॅलिडेशन, मापन अनिश्चितता आणि प्रोफिशियन्सी टेस्टिंग म्हणतात. आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकात तिन्ही सक्तीच्या आहेत. आपल्याकडे हे मानक लावून प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था म्हणजे एनएबीएल. तिचे असेसर तपासणीला आले की सर्वांत जास्त प्रश्न याच तीन गोष्टींवर विचारतात.

क्लोरमेक्वाटचं उदाहरण इथं घेतलं आहे, कारण महाराष्ट्राच्या द्राक्षानं त्याची किंमत मोजलेली आहे.

द्राक्ष उत्पादकांना हे रसायन ‘सीसीसी’ या नावानं ठाऊक आहे. ते कीटकनाशक नाही, वाढ रोखणारं संजीवक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटी फार जोमानं वाढू लागल्या की त्यांना आवर घालून काडीत घड तयार व्हावेत म्हणून ते फवारलं जायचं. फळ त्यानंतर कित्येक महिन्यांनी, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येतं. त्यामुळं एप्रिल-मेमधल्या फवाऱ्याचा अंश पुढच्या फेब्रुवारीतल्या मण्यात असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नव्हतं.

२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिलचे अवशेष सापडले होते. त्यानंतर अपेडानं निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष नियंत्रणाची योजना उभी केली. बागांची नोंदणी, ठरलेल्या प्रयोगशाळांकडून नमुने काढणं आणि २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या संगणकीय व्यवस्थेत प्रत्येक बागेचा माग, अशी ती रचना होती. पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिची संदर्भ प्रयोगशाळा झालं. एवढं सगळं असताना २०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं. युरोपची मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. माल अडकला, परत फिरला, दर कोसळले आणि उत्पादक व निर्यातदार दोघेही पोळले. इकडच्या अहवालांत या रसायनाचा मागमूस नव्हता. निर्यातीपूर्वी तपासायच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. ते नंतर आलं.

पण नाव यादीत असतं तरी नेहमीच्या चाचणीत ते पकडलं गेलं नसतं, आणि व्हॅलिडेशन म्हणजे काय ते इथं कळतं.

द्राक्षांतली शंभरेक औषधं एकाच वेळी शोधायची तर प्रयोगशाळा ‘मल्टिरेसिड्यू’ पद्धत वापरते. द्राक्षांचा लगदा करायचा, त्यात एखादं सेंद्रिय द्रावक घालायचं, मीठ घालून पाणी आणि द्रावक वेगळं करायचं आणि द्रावकात उतरलेली औषधं यंत्रावर मोजायची. मांजरीच्या केंद्रातले डॉ. कौशिक बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ क्रोमॅटोग्राफी ए’ या नियतकालिकात द्राक्षांतल्या ८२ कीडनाशकांसाठी अशीच एक पद्धत प्रसिद्ध केली. दहा ग्रॅम लगदा, दहा मिलिलिटर इथाइल ॲसिटेट, थोडकी सफाई आणि मग एलसी-एमएस/एमएस यंत्र. त्या निबंधाच्या शीर्षकातच व्हॅलिडेशन आणि अनिश्चितता हे दोन्ही शब्द आहेत. पद्धत स्वस्त आणि जलद होती आणि ज्या रसायनांसाठी तपासली होती त्यांच्यासाठी विश्वासार्ह होती.

क्लोरमेक्वाट मात्र वेगळ्या जातीचं आहे. तो विद्युतभारित कण आहे. पाण्यात तो सहज विरघळतो आणि पाणी सोडून इथाइल ॲसिटेटमध्ये किंवा ॲसिटोनायट्राइलमध्ये यायला तयार नसतो. पाणी आणि द्रावक वेगळं केलं की क्लोरमेक्वाट पाण्याबरोबर राहतं आणि तपासनीस द्रावक उचलून यंत्रात घालतो. यंत्र प्रामाणिकपणे शून्य दाखवतं. म्हणजे ‘आढळलं नाही’ हा शेरा खरा असतो आणि द्राक्षात अवशेषही असतो. अन्नचाचणीतली ही सर्वांत घातक चूक म्हणावी लागेल, कारण तिथं शंका यावी असं काहीच दिसत नाही. आलेख स्वच्छ असतो, कॅलिब्रेशन उत्तम असतं आणि यंत्र काल-परवाच सर्व्हिस झालेलं असतं.

अशा रसायनांसाठी वेगळी वाट लागते. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या सरकारी प्रयोगशाळेनं बसवलेली ‘क्युप्पे’ पद्धत आज सर्वत्र वापरली जाते. तिच्यात फॉर्मिक आम्ल घातलेलं मिथेनॉल वापरतात. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून वेगळं करण्याची पायरीच उरत नाही आणि पाण्यात बसलेलं रसायनही हाती लागतं. मात्र त्याच कारणानं द्राक्षातली साखर, आम्लं आणि रंगही सोबत येतात, आणि त्यांचा त्रास पुढं यंत्रावर होतो.

आता समजा, नाशिकच्या बाजूची एक प्रयोगशाळा ही पद्धत नव्यानं सुरू करते आहे. पद्धत प्रसिद्ध आहे, जगभर वापरात आहे, मग आम्ही पुन्हा काय सिद्ध करायचं, असा सूर तिथं हमखास लागतो. मानकाचं उत्तर असं की पद्धत जगात चालते हे मान्य, पण ती तुमच्या यंत्रावर, तुमच्या माणसांच्या हातून, तुमच्या द्राक्षावर चालते हे दाखवा. प्रसिद्ध पद्धत जशीच्या तशी वापरली तर एवढी पडताळणी पुरते. द्रावक बदललं, दुसऱ्या फळासाठी वापरली किंवा नवं रसायन त्यात घातलं, तर पूर्ण व्हॅलिडेशन करावं लागतं.

त्याची सुरुवात कोऱ्या नमुन्यापासून होते, म्हणजे ज्यात हे रसायन अजिबात नाही अशी द्राक्षं. सीसीसी कधीच न फवारलेली बाग शोधणं हेच पहिलं काम. मग देठावरून मणी खुडून त्यांचा थंडीत बारीक लगदा करतात आणि त्याचे दहा-दहा ग्रॅमचे भाग पाडतात. प्रत्येक भागात ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो होईल इतकं शुद्ध क्लोरमेक्वाट आपल्या हातानं घालतात. दहा ग्रॅमसाठी ही मात्रा अर्धा मायक्रोग्रॅम भरते. एका ग्रॅमचे वीस लाख भाग केले तर त्यातला एक भाग. थोडा वेळ मुरू देतात आणि नंतर नमुना जणू बागेतूनच आला आहे असं समजून सगळी पद्धत पार पाडतात. जितकं घातलं त्यातलं किती परत मिळालं, याला रिकव्हरी म्हणतात.

उदाहरणादाखल पाच भागांचे निकाल ०.०४३, ०.०४६, ०.०४१, ०.०४७ आणि ०.०४४ आले असं धरू. सरासरी ०.०४४, म्हणजे रिकव्हरी ८८ टक्के. आकड्यांचा आपसातला पसारा ५ टक्क्यांच्या आसपास. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरासरी रिकव्हरी ७० ते १२० टक्क्यांत आणि पसारा २० टक्क्यांच्या आत असला तर पद्धत चालते. हेच काम कमी मात्रेवरही करावं लागतं, समजा ०.०१ वर. प्रयोगशाळा भरवशानं सांगू शकते ती सर्वांत लहान मात्रा मर्यादेच्या बरीच खाली असायला हवी. मर्यादा ०.०५ असताना जी प्रयोगशाळा ०.०५ च्या खालचं मोजूच शकत नाही, तिचा ‘आढळलं नाही’ हा शेरा निर्यातदाराच्या फारसा कामाचा नाही. अहवालात ही सर्वांत लहान मात्रा छापलेली असते, पण फार थोडे लोक ती वाचतात.

रिकव्हरीचे आकडे छान आले तरी एका गोष्टीनं फसायला होतं. शुद्ध द्रावकात क्लोरमेक्वाट मोजलं आणि द्राक्षाच्या अर्कात तितकंच क्लोरमेक्वाट मोजलं, तर यंत्र दोन वेगळे संकेत देतं. अर्कातली साखर आणि आम्लं त्या कणांना विद्युतभार घेऊन यंत्राच्या आत शिरताना आडवी येतात आणि संकेत दबतो. याला मॅट्रिक्सचा परिणाम म्हणतात. शुद्ध द्रावकावर कॅलिब्रेशन करून द्राक्ष मोजणारी प्रयोगशाळा म्हणून नेहमीच कमी दाखवत राहते. यावर चांगला उपाय म्हणजे ड्युटेरियम घातलेलं क्लोरमेक्वाट नमुन्यात सुरुवातीलाच ठरावीक मात्रेत टाकणं. वागणुकीनं ते साध्या क्लोरमेक्वाटसारखंच असतं, फक्त वजनानं जड असल्यामुळं यंत्राला दोन्ही वेगळी दिसतात. जिथं एक दबतं तिथं दुसरंही तितकंच दबतं, आणि दोघांचं गुणोत्तर खरं राहतं. हे रसायन महाग असतं. खर्च वाचवायला ते वगळलेलं दिसलं की अनुभवी असेसर पुढचे प्रश्न तिथूनच सुरू करतो.

व्हॅलिडेशनलाही मर्यादा आहे आणि ती सांगायला हवी. लगद्यात वरून घातलेलं रसायन सुटं असतं. वेलीतून मण्यात उतरलेलं, पेशींत बसलेलं रसायन तितक्या सहज सुटेलच असं नाही. म्हणून ज्या द्राक्षांत खरोखर अवशेष आहेत असा एखादा नमुना जपून ठेवून तो वेगवेगळ्या वेळा, वेगवेगळ्या लोकांकडून मोजून घेणारी प्रयोगशाळा जास्त विश्वासाची वाटते.

आता त्या ±चिन्हाकडे वळू. अहवालात ‘०.०४ ± ०.०२’ असं छापलं की अनेक ग्राहकांचा पहिला ग्रह असा होतो की प्रयोगशाळेला स्वतःचीच खात्री नाही. खरं तर ज्या प्रयोगशाळेनं आपल्या कामाची नीट मोजदाद केली आहे तीच हा आकडा देऊ शकते. त्याचा अर्थ असा की खरी मात्रा ०.०२ ते ०.०६ च्या दरम्यान असण्याची खात्री साधारण ९५ टक्के आहे.

हा आकडा काढताना प्रयोगशाळा सर्वांत जास्त अडखळतात. तराजूचं प्रमाणपत्र, पिपेटचं प्रमाणपत्र, शुद्ध रसायनाच्या बाटलीवरची शुद्धता, फ्लास्कची अचूकता हे सगळं गोळा करायचं, वर्ग करून बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं आणि उत्तर येतं ४ टक्के. कागद देखणा दिसतो, हिशोबही बरोबर असतो. पण त्याच प्रयोगशाळेनं तोच नमुना सोमवारी आणि पुढच्या गुरुवारी मोजला तर आकडे १०-१२ टक्क्यांनी हलतात. मग ४ टक्के कुठून आले? या हिशोबात सर्वांत मोठे घटक आलेलेच नसतात. रिकव्हरीतली तूट, मॅट्रिक्सचा परिणाम, दिवसागणिक बदलणारं यंत्र आणि लगद्याचा कमी-जास्त एकजीवपणा यांची प्रमाणपत्रं कुठलीही कंपनी देत नाही.

म्हणून अन्नचाचणीत उलट दिशेनं जाणं शहाणपणाचं ठरतं. प्रयोगशाळेचा प्रत्यक्षातला पसारा वर्षभराच्या गुणवत्ता तपासणीच्या नोंदींतून घ्यायचा, समजा ११ टक्के. नेहमी एकाच बाजूला झुकण्याचा अंश रिकव्हरीतून किंवा प्रोफिशियन्सी टेस्टच्या निकालांतून घ्यायचा, समजा ९ टक्के. अकराचा वर्ग १२१, नवाचा ८१, बेरीज २०२ आणि वर्गमूळ १४ च्या किंचित वर. ९५ टक्के खात्रीसाठी त्याची दुप्पट, म्हणजे साधारण २८ टक्के. हा आकडा ४ टक्क्यांइतका देखणा नाही, पण रोजच्या कामाशी जुळणारा आहे.

कीडनाशकांच्या सरकारी नियंत्रणासाठी युरोपनं मात्र सरसकट ५० टक्के अनिश्चितता धरायची असं ठरवलं आहे. त्याचं कारण प्रत्यक्ष नोंदींत आहे. युरोपातल्या प्रयोगशाळांना वर्षानुवर्षं एकच नमुना वाटून आलेले आकडे पाहिले तर त्यांच्यातला पसारा सरासरी २५ टक्क्यांच्या जवळ येतो. त्याची दुप्पट ५०. प्रत्येक प्रयोगशाळेनं आपली अनिश्चितता याहून जास्त नाही हे दाखवायचं, आणि मालाचा निर्णय करताना सगळ्यांनी ५० च धरायचे.

आता सुरुवातीच्या दोन अहवालांकडे पुन्हा बघता येईल. इकडचा आकडा ०.०४ ± ०.०२. तिकडचा ०.०६ ± ०.०३. फरक ०.०२. दोन्ही अनिश्चितता एकत्र धरल्या, म्हणजे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, तर ०.०३६ येतात. फरक त्याहून लहान आहे. मोजमापशास्त्राच्या दृष्टीनं या दोन अहवालांत मतभेदच नाही, दोघांनी एकच गोष्ट सांगितली आहे. मर्यादेची रेघ मधोमध पडल्यामुळं एक पास आणि दुसरा नापास दिसतो, एवढंच.

मग माल अडवायचा की नाही? इथं नियमाची बाजू महत्त्वाची ठरते. युरोपातल्या सरकारी अधिकाऱ्याला नियम मोडला असं म्हणायचं असेल तर त्यानं आकड्यातून अनिश्चितता वजा करायची असते. ०.०६ मधून ०.०३ गेले की ०.०३ उरतात, ते मर्यादेच्या आत. या हिशोबानं ०.१० च्या वर आकडा गेला तरच मर्यादा निश्चितपणे ओलांडली असं म्हणता येतं. निर्यातदाराची गरज अगदी उलटी आहे. त्याला आपला माल मर्यादेच्या आत आहे याची हमी द्यायची असते. म्हणजे त्यानं अनिश्चितता मिळवायला हवी. ०.०४ मध्ये अर्धे मिळवले की ०.०६ होतात, ते मर्यादेच्या बाहेर. त्याला निर्धास्त व्हायचं तर इकडचा आकडा ०.०३३ च्या वर जाऊन चालणार नाही. ०.०३३ पासून ०.१० पर्यंतचा सगळा पट्टा संशयाचा आहे, आणि तिथं फक्त आकडा सांगून निर्णय होत नाही.

२०१७ च्या आवृत्तीत आयएसओ/आयईसी १७०२५ मध्ये ‘निर्णयाचा नियम’ स्पष्टपणे आला तो याच कारणानं. अहवालावर ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहायचं असेल तर अनिश्चितता कशी धरली हे प्रयोगशाळेनं ग्राहकाशी आधी ठरवायला हवं आणि अहवालात लिहायला हवं. ‘आकडा मर्यादेपेक्षा कमी म्हणजे पास’ हाही एक नियम आहे, पण त्यात धोका कुणाच्या डोक्यावर जातो हे ग्राहकाला सांगितलेलं असायला हवं. शिवाय युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्या सरकारी मर्यादेचा एखादा अंशच मान्य करतात, अगदी एक तृतीयांश सुद्धा. त्यांच्यापुढं अनिश्चिततेची वजाबाकी चालत नाही, तिथं खरेदीचा करारच सगळं ठरवतो.

तिसरी गोष्ट प्रोफिशियन्सी टेस्टिंगची. प्रयोगशाळांत तिला नुसतं ‘पीटी’ म्हणतात. आयोजक संस्था एखाद्या फळाचा किंवा भाजीचा लगदा तयार करते, त्यात ठरावीक रसायनं असतात, आणि सीलबंद बाटल्या भाग घेणाऱ्या प्रयोगशाळांकडे जातात. कोणती रसायनं किती आहेत हे त्यांना माहीत नसतं. आकडे परत आले की मान्य मूल्य ठरतं आणि प्रत्येकीला झेड स्कोअर मिळतो. आपल्या आकड्यातून मान्य मूल्य वजा करायचं आणि त्याला मान्य मूल्याच्या २५ टक्क्यांनी भागायचं, हा युरोपातला कीडनाशकांचा हिशोब. उत्तर उणे दोन ते अधिक दोनमध्ये आलं तर ठीक, तीनपर्यंत शंकास्पद, त्यापलीकडे अस्वीकारार्ह.

क्लोरमेक्वाटचं मान्य मूल्य ०.०८० असेल आणि प्रयोगशाळेनं ०.०५० दिलं असेल, तर फरक उणे ०.०३०, भागिले ०.०२०, उत्तर उणे १.५. प्रयोगशाळा पास. फाइलमध्ये ‘समाधानकारक’ असा शेरा लागतो आणि विषय मिटतो. पण चार फेऱ्यांचे स्कोअर शेजारी मांडले आणि ते उणे १.४, उणे १.७, उणे १.२, उणे १.६ असे निघाले तर? प्रत्येक वेळी पास, आणि तरीही ही प्रयोगशाळा दरवेळी कमीच दाखवते. चारांची बेरीज उणे ५.९, तिला चाराच्या वर्गमुळानं, म्हणजे दोनानं भागलं की उणे २.९५. एकत्र पाहिलं तर ही प्रयोगशाळा जवळपास नापास आहे. द्राक्षांच्या बाबतीत हा झुकाव फार वाईट, कारण इथून ०.०४ म्हणून पास झालेला माल तिकडं सहज ०.०६ निघतो.

झुकाव कोणत्या बाजूला आहे यावरून दोष शोधायला मदत होते. नेहमी कमी येत असेल तर रसायन अर्कात पूर्ण उतरत नाही, किंवा मॅट्रिक्स संकेत दाबतं आहे आणि त्याची भरपाई झालेली नाही. नेहमी जास्त येत असेल तर कॅलिब्रेशनचं द्रावण तपासावं. फ्रीजमधली बाटली जुनी होऊन तिच्यातलं रसायन विघटित झालं असेल, तर लेबलवर लिहिलेली मात्रा आत उरलेली नसते, आणि त्या मापानं मोजलेला नमुना आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. द्रावक उडून बाटलीतलं द्रावण दाट झालं असेल तर परिणाम उलटा होतो. असा माग काढून, कारण लिहून, ते दुरुस्त करून पुन्हा तपासलं की मगच पीटी उपयोगी पडते.

दुर्दैवानं अनेक ठिकाणी पीटी ही परीक्षा समजून दिली जाते. बाटली आली की सर्वांत अनुभवी तपासनीसाला बसवतात, नमुना चार वेळा मोजतात, सरासरी पाठवतात. रोजचा नमुना मात्र एकदाच आणि नव्या मुलाच्या हातून मोजला जातो. कधी शेजारच्या प्रयोगशाळेला फोन करून त्यांचा आकडा काय आला ते विचारून घेतात. हे शोधायला असेसरला फार काही करावं लागत नाही. यंत्राच्या संगणकात त्या दिवशी किती इंजेक्शन झाली, किती वाजता झाली आणि कुणाच्या लॉगिनवरून झाली, ते सगळं साठलेलं असतं. पीटीच्या नमुन्याची नोंद रोजच्या नमुन्यांहून वेगळी दिसली की पुढची चौकशी सुरू होते. अशा प्रयोगशाळेला चांगला स्कोअर मिळतो, पण तिच्या रोजच्या कामाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेण्यासाठी फी भरण्यासारखं आहे ते.

पीटी निवडताना आणखी एक गोष्ट सुटते. युरोपात फळं-भाज्यांतल्या मल्टिरेसिड्यू चाचणीची पीटी वेगळी आणि क्लोरमेक्वाटसारख्या स्वतंत्र पद्धत लागणाऱ्या रसायनांची पीटी वेगळी असते. पहिलीत उत्तम स्कोअर मिळवणारी प्रयोगशाळा दुसरीत भागच घेत नसेल, तर क्लोरमेक्वाटबद्दल तिच्याकडे बाहेरचा पुरावा नाही.

मान्यतेच्या कागदालाही हेच लागू होतं. एनएबीएलची मान्यता सबंध प्रयोगशाळेला मिळत नाही. कोणत्या पदार्थात, कोणता घटक, कोणत्या पद्धतीनं आणि कोणत्या मात्रेपर्यंत, अशा ओळींची ती यादी असते. तिला ‘स्कोप’ म्हणतात. द्राक्षांतल्या कीडनाशकांसाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या स्कोपमध्ये क्लोरमेक्वाटची ओळ नसेल, तर त्या आकड्याला मान्यतेचं पाठबळ नाही. हा मुद्दा न्यायालयातही निर्णायक ठरलेला आहे. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं मॅगी नूडल्सवरची बंदी रद्द केली. ज्या अहवालांवर बंदी उभी होती ते देणाऱ्या प्रयोगशाळांना कायद्याला अपेक्षित असलेली मान्यता आणि अधिस्वीकृती नव्हती, हे त्याचं एक प्रमुख कारण होतं. न्यायालयानं नवे नमुने मोहाली, हैदराबाद आणि जयपूरच्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे पाठवायला सांगितलं. नूडल्समध्ये शिसं किती होतं या वादाआधी ते मोजण्याचा अधिकार कुणाकडं होता, हा प्रश्न उभा राहिला.

अजून एक भाग या सगळ्या हिशोबाच्या बाहेर राहतो, आणि तो कदाचित सर्वांत मोठा आहे. ±०.०२ हा आकडा प्रयोगशाळेत पोचलेल्या लगद्याबद्दल बोलतो. बागेबद्दल बोलत नाही. एकाच बागेतल्या दोन वेलींवरच्या घडांत अवशेष सारखे नसतात. एका ओळीला फवारणी दोनदा झालेली असते, कडेच्या वेलींवर शेजारच्या बागेतून औषध उडून आलेलं असतं. क्लोरमेक्वाटच्या बाबतीत तर वेलीच्या लाकडात किती साठलं आहे यावर बरंच अवलंबून असतं. युरोपात पेअरच्या झाडांवर या रसायनाचा वापर थांबल्यावरही जुन्या झाडांच्या फळांत ते पुढं काही वर्षं सापडत राहिलं, आणि त्यासाठी तात्पुरत्या मर्यादा ठेवाव्या लागल्या. बागेच्या दोन कोपऱ्यांतून काढलेल्या नमुन्यांचे आकडे म्हणून वेगळे येऊ शकतात, प्रयोगशाळा कितीही चोख असली तरी. नमुना बागेत तिरकं चालत, वेगवेगळ्या वेलींच्या वरच्या, खालच्या, उन्हातल्या आणि सावलीतल्या घडांतून काढायला सांगतात ते यासाठी. हाताशी आलेले चार घड तोडून पिशवी भरली, तर पुढची लाखो रुपयांची यंत्रं फक्त त्या चार घडांचं उत्तर देतात.

म्हणून निर्यातदारानं नमुना देताना मागणीच्या अर्जावरच काही गोष्टी लिहून घ्याव्यात. क्लोरमेक्वाट कोणत्या पद्धतीनं मोजणार आणि ते स्कोपमध्ये आहे का. सर्वांत लहान मोजता येणारी मात्रा किती. अनिश्चितता अहवालात छापणार का, आणि पास-नापास ठरवताना ती मिळवणार की सोडून देणार. या रसायनाच्या मागच्या तीन-चार पीटींचे झेड स्कोअर दाखवाल का. हे सगळे कागद मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या कपाटात असतातच. ०.०३३ च्या वर आकडा आला तर त्या बागेचा दुसरा नमुना काढायचा, की तो माल युरोपऐवजी दुसऱ्या बाजारात वळवायचा, हेही तोडणीआधी ठरवून ठेवता येतं. कंटेनर बंदरातून निघाल्यावर ते ठरवायला वेळ उरत नाही.